मराठी शोधनिबंधाच्या गोषवाऱ्याचं इंग्रजी: कांद्याच्या एका निबंधावरून, पायरी पायरीने

निफाडच्या कांदा साठवणुकीवरचा आमचा पहिला निबंध परत आला तो इंग्रजी गोषवाऱ्यामुळे. ‘उन्हाळ कांदा’ याचं भाषांतर मी ‘समर ओनियन’ असं केलं होतं. तपासणाऱ्याने विचारलं, भारतात खरीप, लेट खरीप आणि रबी असे कांद्याचे हंगाम आहेत, त्यात हा कुठला? प्रश्न रास्त होता. आपल्याकडे उन्हाळ कांदा म्हणजे डिसेंबर-जानेवारीत लावलेला आणि एप्रिल-मेच्या सुमारास काढलेला, म्हणजे रबीचाच. नाव उन्हाळ्यात निघतो म्हणून पडलं. लासलगावच्या बाजारात हे कुणाला सांगावं लागत नाही, पण इंग्रजी वाचणाऱ्याला ‘समर ओनियन’ वाचून पीक उन्हाळ्यात घेतलंय असंच वाटणार. त्यानंतर मी नाशिकमधल्या बऱ्याच विद्यार्थ्यांचे गोषवारे इंग्रजीत नेले. तेव्हापासून ज्या क्रमाने काम करते, तो इथे लिहिते आहे.

समजायला सोपं जावं म्हणून सरावासाठी एक छोटा गोषवारा रचला आहे. त्यातले आकडे माझे आहेत, कुठल्या प्रत्यक्ष अभ्यासातले नाहीत. मात्र त्यातल्या चुका मी रोज पाहते.

«साठवणुकीत कांद्याची मोठ्या प्रमाणावर नासाडी होते. प्रस्तुत संशोधनात निफाड तालुक्यातील निवडक ३० शेतकऱ्यांच्या चाळींचा अभ्यास करण्यात आला. उन्हाळ कांदा एप्रिल ते ऑगस्ट असा चार महिने साठवण्यात आला. पातीसह सुकवलेल्या कांद्यात घट २८ टक्के, तर लगेच पात कापलेल्या कांद्यात ४० टक्के आढळली. म्हणजेच पातीसह सुकवल्यामुळे घट १२ टक्क्यांनी कमी होते. सुकवण्याच्या पद्धतीचा साठवणुकीवर लक्षणीय परिणाम होतो हे सिद्ध झाले.»

मराठीत हे वाचताना कुठे अडखळायला होत नाही. इंग्रजीत न्यायला बसलं की सहा वाक्यांत निदान सहा प्रश्न उभे राहतात.

१. बसण्याआधी हाताशी काय हवं

फक्त गोषवारा घेऊन बसू नका. एवढं जवळ ठेवा:

- संपूर्ण मराठी निबंध, निष्कर्षांच्या तक्त्यांसह
- सांख्यिकी चाचणीचा मूळ निकाल, म्हणजे संगणकाने दिलेला तक्ता. निबंधात उतरवून घेतलेला नको
- ज्या नियतकालिकाला पाठवायचं त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना: शब्दमर्यादा, गोषवारा सलग हवा की मथळ्यांचा, बीजशब्द किती
- त्याच नियतकालिकात त्याच पिकावर छापून आलेले दोन-तीन इंग्रजी गोषवारे
- लेखकाचा किंवा मार्गदर्शकाचा फोन, आणि आज-उद्या फोन केला तर चालेल एवढं आधी ठरवलेलं

शब्दमर्यादेबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, इंग्रजीत त्यांचे सुटे शब्द होतात, शिवाय ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ येतात ते वेगळेच. दोनशे शब्दांचा मराठी गोषवारा इंग्रजीत सहज चाळीस-पन्नास शब्दांनी वाढतो. मर्यादा २५० असली तर काय गाळायचं ते आधीच लेखकाशी बोलून घ्या. शेवटच्या रात्री शब्द कापायला घेतले की आधी अटी कापल्या जातात, आणि दावा मोठा होऊन बसतो.

२. वाक्यं नव्हे, दावे सुटे करा

कागदाचे दोन उभे भाग करा. डावीकडे गोषवाऱ्यातला एकेक दावा लिहा, उजवीकडे तो निबंधातल्या कुठल्या तक्त्यावर उभा आहे ते. वरच्या नमुन्यात हे करताना काय काय निघतं ते सांगते.

«निवडक ३० शेतकरी»: निवड कशी झाली? चिठ्ठ्या टाकून, की ओळखीच्या गावांतून? मराठीत ‘निवडक’ हा शब्द दोन्हींना चालतो. इंग्रजीत पहिल्याला ‘रँडमली सिलेक्टेड’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘पर्पझिव्हली सिलेक्टेड’. नुसतं ‘सिलेक्टेड’ लिहिलं तर तपासणारा हाच प्रश्न विचारणार. अंदाजाने ‘रँडम’ कधीच लिहू नका, कारण तो शब्द म्हणजे पद्धतीबद्दलचा दावा आहे.

«एप्रिल ते ऑगस्ट असा चार महिने»: एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून ऑगस्टअखेरपर्यंत मोजलं तर पाच महिने होतात. एप्रिलअखेर ते ऑगस्टअखेर धरलं तर चार. निबंधातल्या नोंदवहीत कांदा चाळीत भरल्याच्या तारखा असतात, त्या पाहून ‘१२० दिवस’ असा दिवसांचा आकडा लिहा. साठवणुकीतली घट दिवसागणिक वाढत जाते, म्हणून तीस दिवसांच्या फरकाने निष्कर्षाचा अर्थच बदलतो.

«घट»: कसली घट? हा मुद्दा मोठा आहे, तो पुढच्या पायरीत घेते.

तक्ता भरताना डावीकडच्या एखाद्या दाव्यासमोर उजवी बाजू रिकामी राहिली तर थांबा. आधाराशिवायचा दावा इंग्रजीत नेण्याआधी लेखकाला विचारायचाच. नमुन्यातलं पहिलं वाक्य, ‘मोठ्या प्रमाणावर नासाडी होते’, हे असंच आहे. ते पार्श्वभूमी म्हणून चालतं, पण इंग्रजीत त्याला आकडा चिकटवायचा नाही.

३. संज्ञांची यादी: बोलीतल्या शब्दापासून प्रमाण शब्दापर्यंत

सगळ्यात जास्त वेळ मी इथे देते. शब्दकोश उघडून पहिला प्रतिशब्द उचलला की फसगत होते, कारण शेतातला शब्द आणि शास्त्रातला शब्द नेहमी एकास एक जुळत नाहीत.

‘सुकवणे’ घ्या. सरळ प्रतिशब्द ‘ड्राइंग’. पण कांद्याच्या इंग्रजी साहित्यात ‘ड्राइड ओनियन’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते निर्जलीकरण केलेले कांद्याचे काप. पात न कापता कांदा शेतात ठेवून त्याची मान आणि वरची पापुद्र्याची साल वाळू देण्याला ‘क्युअरिंग’ म्हणतात. आपल्याकडे एकच क्रियापद दोन्ही कामं करतं, इंग्रजीत ती दोन वेगळी कामं आहेत.

‘चाळ’ घ्या. रोमन लिपीत हा शब्द नुसता लिहिला तर इंग्रजी वाचकाला मुंबईची राहती चाळ आठवेल. पहिल्यांदा येईल तेव्हा ‘कांदा चाळ’ हे नाव ठेवून पुढे साध्या शब्दांत ‘ट्रॅडिशनल ऑन-फार्म ओनियन स्टोरेज स्ट्रक्चर’ असं सांगा, मग पुढे ‘स्टोरेज स्ट्रक्चर’ पुरतं. काही जण हौसेने त्याला ‘नॅचरली व्हेंटिलेटेड’ जोडतात. चाळीला खालून आणि बाजूंनी हवा खेळती आहे हे लेखकाने पाहून नोंदवलं असेल तरच ते चालेल. नाहीतर मूळ निबंधात नसलेला दावा तुम्ही स्वतःच घातलात.

‘माना मोडणे’ किंवा ‘माना पडणे’ याला ‘नेक फॉल’ हा रूढ शब्द आहे. शब्दशः ‘नेक ब्रेकिंग’ लिहिलेलं मी पाहिलं आहे, त्यातून कुणीतरी हाताने मान मोडली असा अर्थ निघतो. ‘डेंगळे येणे’ म्हणजे ‘बोल्टिंग’, ‘जोड कांदा’ म्हणजे ‘डबल बल्ब’.

आता ‘घट’. साठवणुकीच्या अभ्यासात घट तीन वाटांनी होते: कांद्यातलं पाणी उडून आणि श्वसनात साखर खर्चून वजन उतरतं, काही कांदे सडतात, काहींना मोड येतात. पहिल्याला ‘फिजिऑलॉजिकल लॉस इन वेट’ म्हणतात, दुसऱ्याला ‘रॉटिंग’, तिसऱ्याला ‘स्प्राउटिंग’, आणि तिन्ही मिळून ‘टोटल स्टोरेज लॉस’. कुठला शब्द वापरायचा हे कांदा कसा तोलला यावर ठरतं. सडके आणि मोड आलेले वेगळे काढून प्रत्येक ढीग तोलला असेल तर तिन्ही संज्ञा वापरता येतात. शेतकऱ्याने भरताना किती क्विंटल होता आणि विकताना चांगला किती निघाला एवढंच सांगितलं असेल, तर ती एकूण घट आहे. तिला ‘वेट लॉस’ म्हणणं चूक, कारण त्यात सडून फेकलेला कांदाही धरलेला आहे. नमुन्यातल्या २८ आणि ४० या आकड्यांसाठी मी निबंधातली तोलण्याची पद्धत वाचेन आणि मगच संज्ञा ठरवीन. धरून चालू की शेतकऱ्यांनी दोनदाच तोललं. मग ‘टोटल स्टोरेज लॉस’.

रोगांची नावं आली तर आणखी जपा. ‘करपा’ हा शब्द पिकागणिक बदलतो. द्राक्षावर करपा म्हणजे ‘अँथ्रॅक्नोज’. भातावर ‘ब्लास्ट’. टोमॅटोवर लवकर येणारा करपा ‘अर्ली ब्लाइट’ आणि उशिरा येणारा ‘लेट ब्लाइट’, दोघांचे रोगकारक वेगळे. एकट्या कांद्यावरच तीन आहेत: जांभळा करपा म्हणजे ‘पर्पल ब्लॉच’, तपकिरी करपा म्हणजे ‘स्टेम्फिलियम ब्लाइट’, आणि काळा करपा म्हणजे ‘अँथ्रॅक्नोज’. मूळ निबंधात नुसतं ‘कांद्यावरील करपा’ असेल तर शब्दकोश तुम्हाला उत्तर देणार नाही, लेखकच देईल. त्याने प्रयोगशाळेत रोगकारक ओळखला असेल तर शास्त्रीय नावासह रोगाचं नाव लिहा. पानावरचे डाग पाहूनच नोंद केली असेल तर ‘सिम्प्टम्स’ हा शब्द सोडू नका.

द्राक्षावरचा केवडा, म्हणजे ‘डाउनी मिल्ड्यू’, हाही एक सापळा आहे. मराठीत आपण त्याला सरसकट बुरशीजन्य रोग म्हणतो. पण त्याचा रोगकारक `Plasmopara viticola` आजच्या वर्गीकरणात खऱ्या बुरशीत मोडत नाही, तो ‘ऊमायसीट’ गटात येतो. इंग्रजीत ‘फंगस’ लिहिलंत तर जाणकार तपासनीस त्यावर खूण करेल. भुरी, म्हणजे ‘पावडरी मिल्ड्यू’, मात्र खरी बुरशीच आहे.

संज्ञा पक्की करण्यासाठी मी तीन ठिकाणी पाहते. आधी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, मराठी शास्त्रीय शब्दाचा इंग्रजी मूळ शब्द सापडण्यासाठी. त्यांतून निघालेला शब्द संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या `AGROVOC` या शब्दसंग्रहात शोधायचा. तो इंटरनेटवर मोफत आहे, आणि एखाद्या शब्दाऐवजी कुठला शब्द वापरावा तेही तिथे कळतं. शेवटी ज्या नियतकालिकाला पाठवायचं त्याचे छापील गोषवारे. तिन्हींत मतभेद असला तर मी नियतकालिकाची रूढी मानते. द्राक्षाच्या घडाला कुणी ‘बंच’ म्हणतं, कुणी ‘क्लस्टर’. दोन्ही बरोबर आहेत, पण एका गोषवाऱ्यात एकच हवा. मराठी शाळेत शब्द परत परत वापरू नका असं शिकवतात, ते इथे सोडून द्या. ‘लॉस’ म्हटलं की शेवटपर्यंत ‘लॉस’. मधेच ‘डॅमेज’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, हे काहीतरी वेगळं मोजलं आहे.

४. आकडे: टक्के आणि ‘टक्क्यांनी’

नमुन्यात घट ४० टक्क्यांवरून २८ वर आली आणि लेखकाने लिहिलं, ‘१२ टक्क्यांनी कमी होते’. मराठीत हे चालून जातं. इंग्रजीत ‘रिड्यूस्ड बाय ट्वेल्व्ह परसेंट’ लिहिलं तर वाचणारा ४० चे १२ टक्के, म्हणजे ४.८, वजा करेल आणि घट ३५.२ टक्क्यांवर आली असं समजेल. खरं तर फरक १२ ‘परसेंटेज पॉइंट्स’चा आहे, आणि ४० च्या मानाने पाहिलं तर घट ३० टक्क्यांनी उतरली, कारण ४० पैकी १२ म्हणजे ३० टक्के.

मी ३० चा आकडा सहसा वापरत नाही, तो मूळ निबंधात नसतो आणि मोठा दिसतो. दोन्ही मूळ आकडे दिले की गोंधळ उरत नाही: एका गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४० टक्के. वाचणारा वजाबाकी स्वतः करतो.

गटांचे आकारही द्या. समजा तक्त्यात पातीसह सुकवणारे १६ आणि लगेच कापणारे १४ शेतकरी आहेत. ते गोषवाऱ्यात नव्हते, पण निबंधात आहेत, म्हणून आणता येतात. निबंधात आहे ते गोषवाऱ्यात आणायला हरकत नाही. निबंधाबाहेरचं काहीही आणायचं नाही.

एकर आणि क्विंटल बदलायचे तर गणित करून बदला: १ क्विंटल म्हणजे १०० किलो, १ एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर. एकरी १०० क्विंटल उत्पादन म्हणजे एकरी १० टन, हेक्टरी सुमारे २४.७ टन. भागायच्या जागी गुणल्याची चूक मी वारंवार पाहते. ती ओळखायची खूण सोपी आहे: हेक्टर एकरापेक्षा मोठा, म्हणून हेक्टरी आकडा नेहमी मोठा यायला हवा.

५. क्रियापदांचं वजन

‘सिद्ध झाले’ हा आपल्या प्रबंधांच्या मराठीतला सवयीचा शेवट आहे. इंग्रजीत ‘प्रूव्ह्ड’ लिहिलं की तो फार जड होतो. इतकं बोलायचं तर प्रयोगाची रचना तशी हवी.

आपल्या नमुन्यात ती तशी नाही. शेतकऱ्यांनी सुकवण्याची पद्धत आपापली निवडली होती, संशोधकाने वाटून दिलेली नव्हती. पातीसह सुकवायला थांबणारा शेतकरी कदाचित चाळही चांगली बांधत असेल, कांदा निवडूनही भरत असेल. मग घट कमी झाली ती सुकवल्यामुळे की चाळीमुळे, हे या अभ्यासातून सांगता येत नाही. म्हणून ‘मुळे’ या एका प्रत्ययाचं इंग्रजी ‘ड्यू टू’ किंवा ‘बिकॉज ऑफ’ नको. ‘वॉज असोसिएटेड विथ’ एवढंच लिहा. त्याच ३० शेतकऱ्यांचा कांदा संशोधकाने दोन भागांत वाटून, अर्धा एका पद्धतीने आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीने, एकाच चाळीत ठेवला असता, तर ‘रिड्यूस्ड’ म्हणायला हरकत नव्हती.

‘लक्षणीय’चंही तसंच. इंग्रजी शोधनिबंधात ‘सिग्निफिकंट’ म्हटलं की वाचणारा चाचणी शोधतो. सांख्यिकीच्या मराठीत त्यासाठी ‘सार्थ’ हा नेमका शब्द आहे, पण लिहिताना बहुतेक जण ‘लक्षणीय’च लिहितात. म्हणून चाचणीचा निकाल पाहा. चाचणी केली असेल आणि p < 0.05 असेल तर ‘सिग्निफिकंटली’ लिहा, आणि नेमकी p किंमत मिळाली तर तीही द्या. चाचणीच नसेल तर तो शब्द गाळा आणि आकडे तसेच ठेवा. ‘कन्सिडरेबल’ लिहून पळवाट काढली तरी दावा पातळच राहतो.

काही जण उलटी चूक करतात, तीही सांगते. घाबरून सगळंच मऊ करतात आणि मोजलेल्या गोष्टीलाही ‘मे सजेस्ट’ लावतात. घट २८ टक्के होती हे तोललेलं आहे, तिथे साधं ‘वॉज’ हवं. सावध क्रियापदं फक्त अर्थ लावण्याच्या वाक्यात येतात.

काळही बदला. मराठीत ‘घट कमी होते’ असा रीतिवर्तमान लेखक सहज लिहितो. इंग्रजीत वर्तमानकाळातलं वाक्य सगळ्या कांद्यांना, सगळ्या गावांना लागू पडणारं वाटतं. तुम्ही एका हंगामात एका तालुक्यात पाहिलंत, म्हणून भूतकाळ.

६. आता लिहा

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष भाषांतराला अर्धा तास लागतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि ‘तर’, ‘असून’, ‘त्यामुळे’ यांनी वाक्य लांबत जातं. इंग्रजीत एका वाक्यात एकच दावा ठेवा. नमुन्यातली चौथी-पाचवी-सहावी वाक्यं मिळून माझं इंग्रजी असं झालं, देवनागरीत देते:

«आफ्टर १२० डेज, मीन टोटल स्टोरेज लॉस वॉज २८ परसेंट इन १६ स्ट्रक्चर्स होल्डिंग फील्ड-क्युअर्ड बल्ब्ज अँड ४० परसेंट इन १४ स्ट्रक्चर्स होल्डिंग बल्ब्ज टॉप्ड इमीजिएटली आफ्टर हार्वेस्ट. फील्ड क्युअरिंग विथ टॉप्स इन्टॅक्ट वॉज असोसिएटेड विथ लोअर लॉस.»

तीन वाक्यांची दोन झाली, ‘सिद्ध’ गेलं, ‘मुळे’ गेलं, आणि दोन गटांचे आकार आले. चाचणीचा निकाल मिळाला तर तो पहिल्या वाक्याच्या शेवटी बसतो.

गावाचं नाव लिहिताना तालुका, जिल्हा, राज्य, देश असा पूर्ण क्रम द्या आणि नाशिकचं स्पेलिंग `Nashik` ठेवा. जुन्या लेखांत `Nasik` दिसतं. एका निबंधात दोन्ही आली तर शोधणाऱ्याला दोन ठिकाणं वाटतात. बीजशब्दांत `Allium cepa` घाला. शीर्षकातलेच शब्द तिथे परत घालण्यात जागा वाया जाते.

७. उलटं भाषांतर आणि लेखकाची सही

इंग्रजी मसुदा अशा माणसाला द्या ज्याने मराठी गोषवारा वाचलेला नाही. कृषीचा एखादा पदवीधर पुरे. त्याला तोंडी मराठीत सांगायला लावा: कुणी काय केलं, कुठे, किती दिवस, काय निघालं. तो सांगत असताना तुम्ही मूळ गोषवारा समोर ठेवा. माझ्या मसुद्यावर एकाने सांगितलं, ‘संशोधकाने कांदा दोन पद्धतींनी सुकवला’. यावरून कळलं की शेतकऱ्यांनी स्वतः पद्धत निवडली हे इंग्रजीत कुठेच आलेलं नाही. ‘फार्मर्स ओन प्रॅक्टिस’ हे तीन शब्द घालून ते दुरुस्त झालं.

मग लेखकाकडे जा, आणि इंग्रजीबरोबर दुसऱ्या पायरीतला दोन रकान्यांचा कागदही न्या. बऱ्याच लेखकांना इंग्रजी वाचून होकार द्यायची घाई असते, पण कागदावरचा एकेक दावा बोट ठेवून दाखवला की ते थांबतात. ‘सिद्ध झाले’ का काढलं हे त्यांना पटवून द्यावं लागतं. कधी लेखक म्हणतात की अभ्यासाची रचना वेगळी होती, गोषवाऱ्यात ती नीट आली नाही. तसं असेल तर पद्धतीच्या प्रकरणातला तो परिच्छेद मागून वाचा आणि क्रियापद परत जड करा.

लेखकाने इंग्रजी मान्य केल्यावर मराठी गोषवाराही दुरुस्त करायला सांगा. दोन्ही एकाच अंकात शेजारी छापले जातात, आणि मराठीत ‘१२ टक्क्यांनी कमी होते, हे सिद्ध झाले’ तर इंग्रजीत ‘असोसिएटेड’ असं राहिलं, तर दोन भाषा वाचणाऱ्याला कुठल्यावर विश्वास ठेवायचा ते कळत नाही. आपल्या नमुन्यात मराठी असं होईल: «पातीसह सुकवलेल्या कांद्यात एकूण घट २८ टक्के, तर लगेच पात कापलेल्या कांद्यात ४० टक्के होती. पद्धत शेतकऱ्यांनी स्वतः निवडलेली असल्याने हा फरक केवळ सुकवण्यामुळे पडला असे या अभ्यासातून म्हणता येत नाही.»